चार कार्डं, आठ मिनिटं

कोडी स्पर्धेच्या बक्षीस समारंभात मुख्याध्यापकांच्या वाट्याला फार तर आठ मिनिटं येतात. तोवर दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय असं सगळं उरकलेलं असतं. सतरंजीवर बसलेल्या मुलांचे पाय अवघडलेले असतात आणि नजर बक्षिसांच्या टेबलावर असते. अशा वेळी 'घाई करू नका, शांत डोक्याने विचार करा' हे सांगायचं ठरवलं, तर ते वाक्य कोणाच्या कानात शिरत नाही. परीक्षेच्या प्रत्येक सकाळी डबा भरताना आईने तेच सांगितलेलं असतं.

मग बरेच वक्ते ससा-कासवाकडे वळतात. त्या गोष्टीत ससा हरतो तो झोपला म्हणून. कासवाने सबंध शर्यतीत एकदाही थांबून विचार केलेला नाही. कोडी सोडवणाऱ्या मुलांना ही गोष्ट सांगितली, तर त्यातलं एखादं चलाख पोर हे बोलूनही दाखवील आणि त्याचं म्हणणं रास्त असेल.

यावर एक उपाय चांगला चालतो. स्पर्धेतलंच एक कोडं निवडायचं आणि ते व्यासपीठावर, सगळ्यांच्या समोर, पुन्हा सोडवायचं. घाईने सुचलेलं उत्तर कुठे फसतं ते मुलांना डोळ्यांनी दिसलं की उपदेशाची गरज उरत नाही. ज्या मुख्याध्यापकांना किंवा गणिताच्या शिक्षकांना असं भाषण करायचं आहे, त्यांच्यासाठी त्याची तयारी इथे मांडतो.

पहिलं काम म्हणजे समारंभाच्या एक-दोन दिवस आधी उत्तरपत्रिका मागवून स्वतः चाळणं. निकालाचा तक्ता पुरत नाही. आपल्याला चुका कशा झाल्या ते पाहायचं असतं. एखाद्या कोड्याला मुलांनी निरनिराळी चुकीची उत्तरं दिली असतील, तर ते कोडं एक तर फार अवघड होतं किंवा त्याची भाषा गोंधळाची होती. त्याला हात लावू नये. पण एखाद्या कोड्याला बहुतेकांचं चुकीचं उत्तर एकच असेल, तर तेच आपलं कोडं. पहिल्या दमात सगळी मुलं एकाच वाटेने गेली आणि ती वाट चुकीची होती, असा त्याचा अर्थ होतो. अशा कोड्यावर वाकडी वाट कुठे फुटते ते बोट ठेवून दाखवता येतं. सुडोकू किंवा शाब्दिक कोट्यांची कोडी इथे उपयोगी नाहीत. आणि स्पर्धा जर रुबिक क्यूब लावण्याची असेल, तर हे भाषण करूच नये. तिथे वेग हाच खेळ आहे. त्या मुलांपुढे सबुरीचं गुणगान करणं म्हणजे धावपटूला चालण्याचे फायदे सांगणं.

स्पर्धेत असं कोडं आलंच नसेल तर आपण एक घालावं. माझी पसंती चार कार्डांच्या कोड्याला आहे. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात ते तयार केलं आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना घातलं. त्यातले बहुतेक चुकले. पुढे हे कोडं तर्कविचाराच्या अभ्यासात इतकं वापरलं गेलं की त्यावर चुका का होतात याची चांगली उकल झालेली आहे, आणि भाषणाला नेमकं तेच हवं असतं. खालच्या वर्गांसाठी एक सोपा पर्यायही आहे: पाच यंत्रं पाच मिनिटांत पाच वस्तू बनवतात, तर शंभर यंत्रांना शंभर वस्तू बनवायला किती मिनिटं लागतील? तोंडावर 'शंभर' येतं. उत्तर पाच, कारण प्रत्येक यंत्र आपली एक वस्तू पाच मिनिटांत बनवतं. पाचवी-सहावीला हे पुरे. आठवीपासून पुढे मात्र कार्डंच घ्यावीत.

आता सामानाची तयारी. जाड कार्डशीटचे चार मोठे तुकडे घ्यावेत. साध्या कागदावर मार्करने लिहिलं तर मागचं अक्षर पुढून दिसतं आणि सगळी गंमत मातीत जाते, म्हणून दोन कागद चिकटवून एक कार्ड करावं. पुढच्या बाजूला अनुक्रमे अ, क, ४ आणि ७ लिहावं. मागची बाजू हेच या प्रयोगाचं मर्म आहे. ती सहज सुचेल तशी लिहू नये. अ च्या मागे २, क च्या मागे ५, ४ च्या मागे ग आणि ७ च्या मागे इ. ही रचना का, ते भाषण वाचताना कळेल. चार मुलांना कार्डं धरायला उभं करावं आणि सांगितल्याशिवाय उलटायचं नाही हे दोनदा बजावावं. व्यासपीठावरच्या पाहुण्यांना मागची बाजू दिसणार असेल तर त्यांनाही हळूच सांगून ठेवावं. पाहुणे उत्साहाच्या भरात उत्तर सांगून टाकतात.

हे कोडं पेपरात आलेलं होतं असं धरून भाषणाचा नमुना खाली देतो. शब्द आपल्या बोलीप्रमाणे बदलावेत, पण क्रम बदलू नये.

"मुलांनो, बक्षिसं लगेचच वाटायची आहेत. त्याआधी तुमच्या पेपरातलं तिसरं कोडं एकदा परत सोडवू. ज्यांचं बरोबर आलंय त्यांनी गप्प बसायचं, शेजाऱ्याला सांगायचं नाही.

"या चौघांच्या हातात चार कार्डं आहेत. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला अक्षर आहे आणि दुसऱ्या बाजूला संख्या. आत्ता तुम्हाला दिसतंय अ, क, ४ आणि ७. मी एक विधान करतो: कार्डाच्या एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. या चार कार्डांपुरतं माझं हे विधान खरं की खोटं, ते ठरवायचंय. त्यासाठी कोणती कार्डं उलटावीच लागतील? एकही जास्त नको, एकही कमी नको. एक मिनिट देतो. हाताची घडी, तोंडावर बोट.

"झालं मिनिट. आता हात वर करा. अ उलटायचं असं कोण म्हणतं? जवळजवळ सगळेच. बरोबर. अ च्या मागे विषम संख्या निघाली, तर माझं विधान तिथेच खोटं पडेल. उलटा बघू. दोन. सम आहे. म्हणजे मी अजून वाचलोय. आता ४ कोणाला उलटायचंय? बरेच हात आहेत. उलटा. ग निघाला. ग व्यंजन आहे. मग माझं विधान खोटं ठरलं का? कोण म्हणतंय 'हो'? मी काय म्हणालो होतो ते आठवा. स्वर असेल तर सम. व्यंजनाच्या मागे काय असावं, याबद्दल मी काही बोललोच नव्हतो. बरं, ग च्या ऐवजी इथे स्वर निघाला असता तर? तरीही विधानाला काहीच धक्का नव्हता. मग ज्या कार्डाच्या मागे काहीही निघालं तरी फरक पडत नाही, ते उलटून आपण काय मिळवलं?

"आता अ आणि ४ एवढी दोनच उलटणाऱ्यांना विचारतो. माझं विधान खरं की खोटं? खरं? नक्की? सातवालं कार्ड उलट बघू. इ. स्वराच्या मागे सात, म्हणजे विषम संख्या. माझं विधान खोटं होतं, आणि ते ज्या कार्डावर लिहिलेलं होतं तिकडे बहुतेकांनी पाहिलंच नाही. का पाहिलं नाही? कारण माझ्या वाक्यात 'स्वर' होता आणि 'सम' होता. वाक्यात जे ऐकलं तेच तुम्ही कार्डांवर शोधलंत. सातचं नाव वाक्यात नव्हतं, म्हणून त्याच्यावर संशय गेला नाही. आणि क? त्याच्या मागे काहीही असो, तो स्वर नाही, तेव्हा त्याला सोडून दिलं तरी चालतं.

"आता हेच कोडं आपल्या शाळेच्या गेटवर नेऊ. नियम तुम्हाला पाठ आहे: मधल्या सुट्टीत गेटबाहेर जायचं असेल, तर वर्गशिक्षकांची चिठ्ठी हवी. शिपाईमामांच्या समोर चार मुलं आहेत. पहिला बाहेर गेलेला त्यांनी पाहिलाय. दुसरा सुट्टीभर मैदानात होता हे त्यांना माहीत आहे. तिसऱ्याच्या हातात चिठ्ठी आहे, पण तो बाहेर गेला होता की नाही ते ठाऊक नाही. चौथ्याकडे चिठ्ठी नाही, आणि तो कुठे होता तेही ठाऊक नाही. मामा कोणाकोणाला अडवतील? पहिल्याला. आणि? चौथ्याला! बघा, एका क्षणात उत्तर आलं. चिठ्ठी हातात घेऊन उभ्या असलेल्याला कशाला अडवायचं? तो म्हणजे आपलं चारचं कार्ड. बिनचिठ्ठीचा म्हणजे सातचं. गेटवर तुम्ही आपोआप विचारता, की नियम मोडला असेल तर कोणी मोडला असेल? कार्डांपुढे तो प्रश्न मुद्दाम विचारावा लागतो.

"तुमच्यापैकी एकीची उत्तरपत्रिका मी तिला विचारून इथे आणली आहे. तिने चारही कार्डांपुढे एकेक ओळ लिहिली आहे. मागे काय निघू शकतं आणि ते निघालं तर विधान पडतं का, एवढंच. चारच्या पुढे आधी 'उलटावं' लिहून मग खोडलंय. सातच्या पुढे आधी 'नको' होतं, तेही खोडलंय. पेपर तपासताना या दोन खोडलेल्या जागा मला सगळ्यांत जास्त आवडल्या. तिचा नंबर आलेला नाही. तरी मला वाटलं, की हे पान तुम्ही सगळ्यांनी बघावं. उद्यापासून ते सूचना फलकावर असेल.

"ज्यांनी सगळी कोडी भराभर आणि बरोबर सोडवली, त्यांचं कौतुक करायलाच आपण जमलोय. चला, बक्षिसं."

हे भाषण मध्ये थांबत, हात मोजत बोललं तर आठ मिनिटांत बसतं. त्यातला सर्वांत अवघड भाग म्हणजे ते एक मिनिट. माईकसमोर साठ सेकंद गप्प उभं राहणं भल्याभल्यांना जमत नाही. वीस सेकंदांनंतर सूत्रसंचालक पुढे सरसावतो, त्याला आधीच सांगून ठेवावं. घड्याळाकडे पाहून पूर्ण साठ सेकंद मोजावेत. सबुरीवर बोलणारा माणूसच मुलांना विचाराला अवधी देत नसेल, तर पुढचं सगळं बोलणं फुकट जातं. दुसरी काळजी अशी, की भाषण बक्षीस वितरणाच्या आधी ठेवावं. बक्षीस हातात पडल्यावर मुलं एकमेकांच्या पाकिटात काय आहे ते बघण्यात गुंततात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

कार्डं उलटण्याचा क्रमही सांभाळावा. ७ आधी उलटलं, तर विधान लगेच खोटं ठरतं आणि ४ उलटण्यात काय चूक होती हा भाग कोणाला ऐकावासा वाटत नाही. अ आणि ४ उलटून झाल्यावर सभागृहाकडून 'खरं आहे' असं वदवून घ्यायचं आणि मगच ७ ला हात लावायचा. उत्तरपत्रिकेचा भाग खरा असेल तरच घ्यावा. तशी पत्रिका सापडली नाही तर तो सरळ गाळावा, रचून सांगू नये. मुलांना आपापसात सगळ्यांचे पेपर माहीत असतात. जिची पत्रिका दाखवायची तिला आधी एकटीला विचारावं. काही मुलांना आपलं खोडलेलं पान चारचौघांत दाखवलेलं आवडत नाही. चुकलेल्या मुलांची नावं किंवा वर्ग तर घेऊच नयेत.

आता या भाषणात मोठी चूक कुठे होऊ शकते ते सांगतो. भाषण ऐकून मुलांचा असा समज होतो, की जास्त वेळ लावला की उत्तर बरोबर येतं. तसं नाही. जोनाथन इव्हान्स या मानसशास्त्रज्ञाने १९९६ साली हेच कार्डांचं कोडं संगणकाच्या पडद्यावर दिलं आणि लोक कोणत्या कार्डाकडे किती वेळ पाहतात ते मोजलं. लोक जी कार्डं निवडणार असतात, त्यांच्याकडेच ते जास्त वेळ पाहतात असं दिसलं. नाकारलेल्या कार्डांवर नजर फारशी थांबतच नाही. म्हणजे तो जास्तीचा वेळ विचार तपासण्यात जातोच असं नाही. आपलंच आधी ठरलेलं उत्तर कसं योग्य आहे, हे स्वतःला पटवण्यातही तो जातो. वर्गातसुद्धा हे दिसतं. काही मुलं एकाच उत्तरावर दहा मिनिटं बसून तेच उत्तर सुवाच्य अक्षरात लिहून आणतात.

म्हणून भाषणात हळू सोडवण्याचं कौतुक करू नये. कौतुक करायचं ते न आवडलेल्या कार्डापाशी जाण्याचं. नमुन्यात 'मागे काय निघू शकतं आणि ते निघालं तर विधान पडतं का' ही ओळ त्यासाठी आहे. तोच प्रश्न चारही कार्डांना, एकही न वगळता, विचारायचा. त्याला लागून लागून दोन मिनिटं लागतात. पण त्याने उत्तर बदलतं, आणि नुसतं टक लावून बसलं तर ते बदलत नाही. मुलाने धीराने विचार केला की नाही, हे कच्च्या कामावरून ओळखता येतं. कच्च्या कामात टाकून दिलेल्या पर्यायांची कारणं आहेत का, आणि एकदा तरी मत बदलल्याची खूण आहे का, एवढं पाहावं. पेपर कधी दिला त्या वेळेवरून यातलं काहीच कळत नाही.

अशा स्पर्धा पुष्कळ शाळांत २२ डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय गणित दिनी, होतात आणि मग रामानुजन यांचं नाव निघणारच. पाहुणे हमखास टॅक्सीची गोष्ट सांगतात. हार्डी लंडनच्या पटनी भागात आजारी रामानुजनना भेटायला गेले, टॅक्सीचा १७२९ हा क्रमांक काही खास नाही म्हणाले, आणि रामानुजननी त्याक्षणी सांगितलं, की दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगळ्या प्रकारे लिहिता येणारी ही सर्वांत लहान संख्या आहे. गोष्ट छान आहे, पण आपल्या भाषणाला ती आडवी येते, कारण ती क्षणात उत्तर देण्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ती पुरी सांगावी. १२ चा घन अधिक १, तसंच १० चा घन अधिक ९ चा घन, दोन्हींची बेरीज १७२९ येते, हे नातं रामानुजन यांच्या वह्यांत आधीच नोंदलेलं होतं. वर्षानुवर्षं संख्यांशी खेळून जे त्यांनी गोळा केलं होतं, त्यातलं एक त्या दिवशी तोंडी आलं. पाहुणे गोष्ट सांगून बसल्यावर मुख्याध्यापकांनी एवढी दोन वाक्यं जोडली तरी पुरे.

आणखी एखादं नाव हवंच असेल, तर फ्रेंच गणिती लोराँ श्वार्त्झ यांचं घ्यावं. त्यांना १९५० साली फील्ड्स पदक मिळालं, आणि आपल्या आत्मचरित्रात त्यांनी मोकळेपणाने लिहिलं आहे, की शाळेत असताना इतर मुलं पटकन उत्तरं द्यायची आणि स्वतःला मात्र समजायला वेळ लागायचा, त्यामुळे आपण मंद आहोत असंच त्यांना वाटायचं. वर्गात कधीच हात वर न करणाऱ्या मुलामुलींकडे बघत हे सांगावं. मोबाइलवर फिरणारी आइन्स्टाइनची वचनं मात्र टाळावीत. त्यातली बरीचशी त्यांनी कधी उच्चारलेलीच नसतात.

सगळ्यात नाजूक गोष्ट स्पर्धेच्या नियमांची. कितीतरी शाळांत असा नियम असतो, की गुण सारखे पडले तर ज्याने पेपर आधी दिला त्याचा नंबर वर. आयोजक शिक्षकांची सोय होते म्हणून तो घातलेला असतो, त्यामागे दुसरा काही विचार नसतो. पण मुख्याध्यापक धीराने विचार करण्याचं कौतुक करत असताना, पाच मिनिटं आधी पेपर दिला म्हणून कोणीतरी पहिला आलेला समोर बसला असेल, तर मुलं भाषणापेक्षा नियमावर जास्त विश्वास ठेवतात. भाषण लिहायला बसण्याआधी नियमांचा कागद वाचावा. नियम असा असेल, तर निकाल लागलेला आहे, तो फिरवू नये. पहिल्या आलेल्या मुलाचा त्यात काही अपराध नाही आणि त्याला भर सभेत ओशाळवाणं वाटेल असं एकही वाक्य तोंडून जाऊ देऊ नये. त्यापेक्षा भाषणाच्या शेवटी पुढच्या वर्षीचा बदल जाहीर करावा. बदल साधा असावा. कोडी कमी ठेवावीत. नव्वद मिनिटांना सहा असतील तर आठवी ते दहावीच्या मुलांना पुरतात. प्रत्येक कोड्याला उत्तराचे दोन गुण आणि कारणांचे तीन. पेपर लवकर दिल्याचा फायदा नाही. बरोबरी झाली, तर कारणांचे गुण पाहावेत, आणि तेही सारखे असतील तर बक्षीस दोघांना विभागून. यात तपासण्याचं काम वाढतं हे खरं, आणि गणिताच्या शिक्षकांशी बोलल्याशिवाय व्यासपीठावरून हे जाहीर करणं म्हणजे दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये जे ऐकावं लागेल त्याची तयारी ठेवणं.

समारंभ संपल्यावर चहाच्या टेबलाशी एखादे पालक येऊन म्हणतील, "सर, बोललात छान. पण स्कॉलरशिपला असा विचार करत बसलं तर पेपर सुटतो का?" प्रश्न खरा आहे, त्याला हसण्यावारी नेऊ नये. शिष्यवृत्ती परीक्षेत एका पेपरला नव्वद मिनिटांत पंच्याहत्तर प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला बहात्तर सेकंद. तिथे प्रत्येक प्रश्नाचे चारही पर्याय उलटसुलट तपासत बसणारं मूल मागे पडेल, हे मान्य करावं. पण त्याच पालकांना दुसरी बाजूही दाखवावी. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये रोज साडेचार तासांत तीन प्रश्न असतात, दोन दिवसांत मिळून सहा. एका प्रश्नाला सरासरी नव्वद मिनिटं. शिष्यवृत्तीचा आख्खा पेपर ज्या वेळात संपतो, तेवढ्या वेळात तिथे एकच प्रश्न सोडवायचा, तोही सिद्धतेसह लिहून. गणित दोन्ही परीक्षांत असतं, पण दोन्हींची तयारी वेगवेगळी. बहात्तर सेकंदांचा सराव मुलांना क्लासमध्ये आणि सराव पेपरांत भरपूर मिळतो. नव्वद मिनिटांचा मिळण्याची जागा शाळेत फार थोडी असते. कोडी स्पर्धा ती एक जागा होऊ शकते, म्हणून तिथे वेगाला गुण देत नाही, असं सांगावं. शिष्यवृत्तीच्या मुलांसाठी एक व्यवहारी सूचनाही देता येते: ज्या प्रश्नाचं उत्तर वाचताक्षणी सुचलं आणि ज्यात 'जर', 'फक्त', 'किमान' असा शब्द आहे, त्यापुढे बारीक खूण करून पुढे जायचं आणि शेवटच्या दहा मिनिटांत फक्त त्या खुणांकडे परत यायचं. सगळा पेपर परत तपासायला वेळ नसतो, पण फसवे प्रश्न तपासायला तेवढा वेळ पुरतो.

आणि एक हरकत येईल, बहुधा नववी-दहावीच्या मुलाकडून, ती ऐकून घेण्याची तयारी असू द्या. तो म्हणेल, "सर, मी वाक्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घेतला. स्वर असेल तर सम, आणि सम असेल तर स्वर. मग ४ उलटायला नको का?" बोलता बोलता आपण असं वाक्य उलटंही धरतो, त्यामुळे हरकत पोरकट नाही. तिचा शेवटपर्यंत पाठपुरावा त्याच्याकडूनच करून घ्यावा. नियम दोन्ही बाजूंनी धरला, तर अ च्या मागे सम हवी, ४ च्या मागे स्वर हवा, ७ च्या मागे व्यंजन हवं आणि क च्या मागे विषम संख्या हवी. म्हणजे चारही कार्डं उलटावी लागतात. 'अ आणि ४' हे उत्तर त्या अर्थानेही बरोबर ठरत नाही. पण एखाद्याने आपला अर्थ पेपरात लिहून चारही कार्डं उलटायला सांगितली असतील, तर त्याने कोडं नीट सोडवलेलं आहे. चूक प्रश्नाच्या भाषेची आहे आणि त्याला पूर्ण गुण द्यायला हवेत. त्यामुळे निकाल बदलत असेल तर आधीचं बक्षीस काढून न घेता एक बक्षीस वाढवावं, आणि पुढच्या वर्षीच्या पेपरात 'याउलट असेलच असं नाही' हे एक वाक्य कोड्याखाली जोडावं.